करूळ घाटातील ‘रानम्हैस’ नव्हे, गवा



करूळ घाटातील छायाचित्राखाली ‘रानम्हैस’ असे छापले गेले आहे, परंतु चित्रातील प्राणी गवा असून महाराष्ट्रातील रानम्हशी गडचिरोलीच्या कोलामार्का परिसरापुरत्याच उरल्या आहेत. मोजमापाला शेजारी परिचित वस्तू नसल्यास छायाचित्रातील आकार फसवा ठरतो, म्हणून ओळख अंगलक्षणांवरूनच पटवावी. गव्याच्या खांद्यापासून निघालेला स्नायूंचा उंचवटा पाठीच्या मध्यावर एकदम संपतो. गावठी बैलाचे वशिंड मात्र खांद्यावरच सुटे उठते आणि म्हशीच्या पाठीवर असा उंचवटा नसतो. गव्याची पिवळसर, काळ्या टोकांची शिंगे बाजूला निघून वर वळतात, तर म्हशीची चपटी, आडव्या वळ्यांची शिंगे मागे झुकतात. गव्याची मादी तपकिरी असल्याने गायीसारखी भासते, तथापि गुडघ्यांखालचे पांढरे मोजे तिची ओळख देतात. ते चिखलाने झाकले गेल्यास पाठीचा उंचवटाच पाहावा. नीलगायीशीही गल्लत नको: तिच्या निळसर राखाडी नराची शिंगे वीतभर असतात, तांबूस मादीला ती नसतातच आणि दोघांचीही पाठ मागे उतरती असते. या खुणा पाहून छायाचित्राखालील ओळ दुरुस्त व्हावी.

— एक वाचक, वैभववाडी