टायरचे वय नक्षीवर दिसत नाही

संपादक महोदय,
'नक्षी शाबूत, तर टायर शाबूत' हे आपल्या लेखातील विधान धोकादायक आहे. नक्षीवरून झीज कळते, वय नव्हे. वय टायरच्या बाजूवर 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी असते. तिथले चार आकडे पाहावेत. २३१७ म्हणजे २०१७ सालातला तेविसावा आठवडा, अर्थात जूनचा पूर्वार्ध. अनेकदा हे आकडे एकाच बाजूला असतात. बाहेरून दिसले नाहीत, तर आतली बाजू तपासावी. शेवटी तीनच आकडे असतील, तर टायर २००० सालापूर्वीचा आहे.

'न वापरलेली स्टेपनी नवीच' हेही चूक. हवेतला ऑक्सिजन रबराच्या साखळ्यांत नवे बंध घडवतो आणि रबर कडक, ठिसूळ होते. भरलेल्या टायरमध्ये दाबाखालची हवा आतूनही हेच करते. उष्णतेने वेग वाढतो. ओझोनपासून रक्षणासाठी रबरात मेण मिसळलेले असते. चाक फिरताना ते पृष्ठभागावर येत राहते. पडून राहिलेल्या टायरला हा लाभ कमी मिळतो, म्हणून त्यालाही बारीक भेगा पडतात. मात्र भेगा नाहीत म्हणून टायर निर्धोक ठरत नाही, कारण आतले थर सुटू लागलेले बाहेरून दिसत नाहीत.

अनेक वाहन उत्पादक सहा वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात. दहा वर्षांनंतर तो वापरूच नये, मग नक्षी कशीही असो. वाचकांनी आजच स्टेपनीचे आकडे वाचावेत.

आपला,
एक वाचक, सोलापूर