विश्लेषण : लसीकरण कार्डच्या फोटोवरून पुढच्या डोसची तारीख कशी काढायची?

बाळाच्या लसीकरण कार्डचा फोटो काढायचा, त्यातील तारखा मोबाइलने उचलायच्या आणि उरलेल्या डोसची आठवण कॅलेंडरवर लावायची, हे आता अनेक पालक करतात. मात्र कार्डाच्या चौकटीत तारीख दिसली म्हणजे लस दिलीच, असे नसते. ही गल्लत झाली तर डोस राहून जातो आणि मोबाइल मात्र ‘पूर्ण’ दाखवत राहतो.

गल्लत नेमकी कुठे होते?

सरकारी वेळापत्रकात जन्मानंतर ६, १० आणि १४ आठवड्यांनी, मग ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि १६ ते २४ महिन्यांदरम्यान लसी असतात. आरोग्यसेविका लस दिल्यावर त्या लसीच्या चौकटीत तारीख लिहितात. पुढच्या भेटीची तारीखही अनेकदा आधीच पेन्सिलने लिहून ठेवलेली असते. फोटोत पेन आणि पेन्सिल यांतला फरक पुसट होतो. दोन्ही तारखा सारख्याच वाचल्या जातात.

उदाहरणातून कसे समजते?

समजा, बाळाचा जन्म ६ जानेवारी २०२५चा आहे आणि कार्डाचा फोटो २८ एप्रिलला काढला. पेंटाव्हॅलेंटच्या तीन चौकटींत १९/२/२५, ९/४/२५ आणि १४/४/२५ अशा तारखा आहेत. पहिला डोस वेळेवर झाला. दुसरा १७ मार्चला अपेक्षित होता, तो तीन आठवडे उशिरा मिळाला. तिसरी तारीख मात्र संशयास्पद आहे. दोन डोसमध्ये किमान चार आठवडे हवेत आणि इथे अंतर आहे पाच दिवसांचे. १४ एप्रिल म्हणजे जन्मापासून बरोबर १४ आठवडे. थोडक्यात, ही आधीच लिहून ठेवलेली तारीख असण्याची शक्यता मोठी. मूळ कार्ड पाहिल्यावर ती पेन्सिलची निघते.

हा डोस ‘दिला’ असे मानले असते, तर पुढची आठवण थेट ६ ऑक्टोबरची, म्हणजे नऊ महिन्यांच्या लसींची लागली असती. तोवर बाळ घटसर्प, डांग्या खोकला यांसारख्या आजारांविरुद्धच्या तिसऱ्या डोसविना राहिले असते.

आणखी एक चूक तारखेच्या क्रमाची. ९/४/२५ ही तारीख साधनाने महिना आधी धरून वाचली, तर ती ४ सप्टेंबर होते. फोटोच्या दिवसापुढची तारीख ‘दिलेल्या’ डोसची असूच शकत नाही. असे दिसले की वाचन चुकले किंवा ती पुढच्या भेटीची तारीख आहे, हे ओळखावे.

मग पुढची तारीख कोणती?

इथे दोन अटी एकत्र लावायच्या असतात. ठरलेले वय पूर्ण झालेले हवे आणि आधीच्या प्रत्यक्ष डोसपासून किमान अंतरही. दोन्हींपैकी जी तारीख नंतरची, ती धरायची. वयानुसार १४ एप्रिल येते, तर ९ एप्रिलनंतर चार आठवडे ७ मे रोजी पूर्ण होतात. म्हणून आठवण ७ मेची लागते.

त्याच भेटीत इंजेक्शनने द्यायची पोलिओ लस (एफआयपीव्ही) आणि न्यूमोकोकल लस यांचे दुसरे डोसही असतात. त्यांना पहिल्या डोसपासून आठ आठवड्यांचे अंतर लागते. १९ फेब्रुवारीनंतर ते १६ एप्रिललाच पूर्ण झाले. म्हणजे ७ मेला एकाच फेरीत सगळे होते. उशीर झाला म्हणून मालिका पहिल्यापासून सुरू करायची नसते, उरलेले डोस तेवढे पूर्ण करायचे.

प्रत्येक रिकामी चौकट म्हणजे राहिलेली लस का?

नाही. हिपॅटायटिस-बीचा जन्मडोस पहिल्या २४ तासांत द्यायचा असतो. ती चौकट रिकामी राहिली, तरी तीन महिन्यांच्या बाळासाठी त्याची आठवण लावण्यात अर्थ नाही. या आजाराविरुद्धचा घटक पेंटाव्हॅलेंटमध्येही असतो. जपानी मेंदूज्वराची लस तर ठरावीक जिल्ह्यांतच दिली जाते. खासगी डॉक्टरकडे लसीकरण सुरू असेल, तर तिथले वेळापत्रक वेगळे असू शकते. त्या कार्डाला हे हिशेब लावू नयेत.

आठवण कधी बंद करायची?

७ मे उलटला म्हणून आठवण आपोआप ‘पूर्ण’ होऊ देऊ नये. लस दिल्याची तारीख पेनने लिहिली गेली की नवा फोटो काढावा आणि मगच ती बंद करावी. डोस १४ मेला मिळाला, तर त्यावर अवलंबून असलेल्या पुढच्या तारखा पुन्हा तपासाव्यात. कार्डावर खाडाखोड असेल, तर आरोग्यसेविकेकडची नोंद किंवा यू-विनवरील नोंद पडताळावी. अंदाजाने तारीख भरू नये.