पूल बंद आहे, हे पहिल्या ओळीत लिहा

या आठवड्यातल्या मोठ्या पावसात आपल्या भागातल्या एका गटाचा संदेश माझ्याकडे चहूकडून आला. वर गटाचं नाव, खाली ऑरेंज अलर्ट. मग धामणीचे दरवाजे किती उचलले, धामणी आणि कवडास मिळून सूर्येत किती क्युसेक विसर्ग चालू आहे, मोडकसागर किती भरलं. मग सतर्क राहण्याचं आणि अफवांवर विश्वास न ठेवण्याचं आवाहन. आणि पदाधिकाऱ्यांच्या नावांच्या आधी, अगदी तळाला, एक ओळ : फरशी पुलावरून पाणी वाहत आहे, तिकडून जाऊ नये. व्हॉट्सअ‍ॅप लांब मजकूर दुमडून ठेवतं आणि ही ओळ त्या घडीच्या आत गेली होती. मस्तान नाक्यावर भिजत उभं राहून घरी कुठल्या रस्त्याने जायचं हे ठरवणाऱ्या माणसाच्या कामाची ओळ तेवढी एकच होती.

गटातल्या मुलांची तळमळ मला माहीत आहे. रात्री-अपरात्री दोर घेऊन धावणारी हीच मुलं आहेत. चुकतो तो लिहिण्याचा क्रम, आणि तो आपण सरकारी पत्रातून उचलला आहे : आधी संदर्भ, मग कारण, शेवटी आदेश. कचेरीत तो चालतो. पुरात तो उलटा करावा लागतो.

या सदरात पुलाच्या खांबांवरच्या फुटांच्या खुणांबद्दल मी पुन्हा पुन्हा लिहितो, हे जुने वाचक जाणतात. आज परत लिहितो, कारण या संदेशाचं दुखणं तिथेच आहे.

सांगलीत कृष्णा चढू लागली की माणसं एकच आकडा विचारतात : आयर्विनला किती? १९२९ साली बांधलेल्या त्या पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. कोयनेतून किती क्युसेक सोडलं हेही तिथे छापून येतं, पण घरातलं सामान हलतं ते आयर्विनच्या फुटांवर. सूर्यवंशी प्लॉट आणि दत्तनगर या सखल वस्त्यांत पाणी आधी शिरतं, हे तिथल्या लोकांना पाठ आहे. त्यामुळे ‘आयर्विन अमुक फूट, पाणी चढतंय’ एवढ्या पाच शब्दांत प्रत्येक गल्लीला आपापली सूचना मिळते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याचे ३९ आणि ४३ फूट हेच काम करतात. आकडा एकच, पण त्याच्या मागे कित्येक पावसाळ्यांची नोंद उभी असते.

क्युसेकच्या मागे अशी नोंद आपल्याकडे नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी. हा आकडा धरणावरच्या अभियंत्याला लागतो. मासवणच्या काठावर राहणाऱ्या बाईने वीस हजार क्युसेक ऐकून काय करायचं? गोठ्यातली गाय सोडायची की नाही, हे त्यातून कळत नाही. ऑरेंज आणि रेडचंही तेच. हवामान खात्याचा रंग साऱ्या जिल्ह्यासाठी असतो आणि तो पावसाचा असतो. आपल्या ओढ्यावर काय होईल, ते त्या रंगात नसतं.

सांगलीशी तुलना एका जागी अडते. कृष्णा हळू चढते, कोयनेचं पाणी सांगलीत पोचेपर्यंत आवराआवरीला अवधी मिळतो. आपल्या नद्या सह्याद्रीतून निघून थोड्याच अंतरात समुद्राला मिळतात. त्या तासांत चढतात. शिवाय वैतरणेत भरतीचं पाणी मनोरपर्यंत येतं. वरून पुराचं पाणी आणि खालून भरती एकत्र आली, त्यातही अमावास्या-पौर्णिमेचं उधाण असलं, तर नदीला उतरायला वाटच राहत नाही. भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही. म्हणून आपल्याकडच्या संदेशात भरतीची वेळ हवीच. धामणीच्या दरवाजांची उंची नसली तरी चालेल.

तोच संदेश कसा लिहिता आला असता? उदाहरणादाखल :

‘दुपारी ४.१०. फरशी पुलावरून पाणी वाहतंय. पायी किंवा गाडीने पूल ओलांडू नका. नदीकाठच्या पाड्यांनी म्हातारी माणसं, मुलं आणि गुरं अंधार पडायच्या आत शाळेत हलवा. भरती ७.३० ला, तोवर पाणी वाढू शकतं. आमचा माणूस पुलाशी उभा राहून पाहतोय. कुणी अडकलं असेल तर ११२ किंवा जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७. पुढची खबर ५.३० ला.’

विसर्गाचे आकडे हवे असतील तर ते याच्या खाली, वेगळ्या संदेशात.

यातली ‘आमचा माणूस पाहतोय’ ही ओळ अनेकांना फालतू वाटेल. इशाऱ्यांवर आयुष्यभर काम केलेल्या डेनिस मिलेटी आणि जॉन सोरेन्सन यांनी १९९० सालीच लिहून ठेवलं आहे की सूचना मिळाल्यावर माणसं लगेच हलत नाहीत. आधी शेजाऱ्याला विचारतात, फोन लावतात, खरं-खोटं करतात. वेळ जातो तो तिथे. कुणी पाहिलं आणि केव्हा, हे संदेशातच असलं की तो वेळ वाचतो. नुसतं ‘सतर्क राहा’ म्हटलं की तो वाढतो, कारण सतर्क माणसाने नेमकं करायचं काय, ते विचारत तो फिरतो.

वेळ वर लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. संदेश पुढे जात राहतो, पूर ओसरतो. पूल मोकळा झाल्यावरही ‘पूल बंद’ फिरत राहिलं, तर पुढच्या वेळी कुणी विश्वास ठेवणार नाही. म्हणून पूल उघडला की तेही तितक्याच ठळकपणे कळवा. मदतीच्या मागणीचंही तसंच. ‘ताडपत्री हवी’ म्हणून आपण कळवतो, मिळाल्याचं कळवत नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पाड्यावर तीन टेम्पो उभे राहतात, पलीकडच्या पाड्यावर एकही नाही. आणि सूचना चित्रात घालू नका. रेंज कमी झाल्यावर चित्र उघडत नाही, अक्षरं येतात. बोईसरच्या कारखान्यांतल्या परप्रांतीय कामगारांसाठी तोच मजकूर हिंदीत द्या. ज्यांना वाचता येत नाही त्या वारली घरांसाठी त्यांच्या बोलीत आवाजी संदेश पाठवा.

पण हे सगळं वरवरचं राहील, जोवर आपल्याकडे आयर्विनसारखा आकडा नाही. वैतरणेची पातळी मोजायचं केंद्रीय जल आयोगाचं केंद्र मनोरशेजारी दुर्वेसला आहे. मोजणी होते आहे. दुर्वेसला अमुक मीटर झालं की पाणी कुठल्या पाड्यात, कुठल्या मोरीवर येतं, याची यादी मात्र माझ्या पाहण्यात कुठल्याही गटाकडे नाही. ही यादी गावच करू शकतं. तीही आंधळेपणाने वापरायची नसते. २००५ साली पाणी इथवर आलं होतं, त्याच्या वर येणार नाही, या भरवशावर सांगलीत पुष्कळ जण घरात थांबले, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं.

तेव्हा गटांना माझी विनंती आहे. या पुराचा चिखल भिंतींवर आहे तोवर पाड्यापाड्यांत जा, पाणी जिथवर आलं तिथे ऑइलपेंटची रेघ मारा, शेजारी तारीख आणि वेळ लिहा, आणि त्या वेळची दुर्वेसची पातळी मिळवून वहीत उतरवून ठेवा. रंगाचा डबा आणि वही मी देतो.