सरकारी भावापेक्षा कमी किमतीची खरेदी : कर घेणाऱ्यालाही लागतो

जमिनीच्या सरकारी मूल्यदर तक्त्यातले, म्हणजे रेडी रेकनरचे दर 2023 आणि 2024 मध्ये वाढले नव्हते. 1 एप्रिल 2025 पासून ते वाढले. काही गावांत आता तक्त्यातला भाव प्रत्यक्ष सौद्याच्या वर गेलेला दिसतो. तिथे मुद्रांक सरकारी भावावर भरला की काम संपले, असे समजणे महागात पडते. पुढे आयकर उभा असतो.

खरेदीखत नोंदवल्यावर मिळणारी सूची क्रमांक 2 काढून पाहा. तिच्यात मोबदला आणि बाजारभाव असे दोन आकडे असतात. बाजारभाव जास्त असेल, तर आयकर खाते विकणाऱ्याला तेवढे पैसे मिळाले असे धरते. हा नियम 2002 च्या वित्त कायद्याने आला. 2013 च्या वित्त कायद्याने घेणाराही त्यात आला. जेवढे स्वस्त मिळाले तेवढे त्याचे उत्पन्न, असा हिशेब. 2025 च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, पण नियम तोच आहे.

उदाहरण घेऊ. गावालगतचा 200 चौरस मीटरचा बिगरशेती प्लॉट आहे. सरकारी दर चौरस मीटरला 4,500 रुपये, म्हणजे बाजारभाव 9 लाख. प्लॉटला धड रस्ता नाही म्हणून सौदा 7 लाखांत ठरला. फरक 2 लाखांचा. घेणाऱ्याला 50,000 रुपये किंवा मोबदल्याचे 10 टक्के, यांतले जे जास्त असेल तेवढ्या फरकाची मुभा असते. इथे ती 70,000 होते. फरक त्याच्या वर गेला, म्हणून 70,000 वजा न करता पूर्ण 2 लाख त्याच्या उत्पन्नात मिळवतात. प्लॉट 20 टक्क्यांच्या टप्प्यातल्या नोकरदार मुलाच्या नावावर घेतला असेल, तर उपकरासह 41,600 रुपये भरावे लागतील. विकणाऱ्याचा नफाही 7 ऐवजी 9 लाख धरूनच मोजतात. म्हणजे त्याच 2 लाखांचा हिशेब दोन्हीकडे लागतो. हाच सौदा 8 लाख 20 हजारांत झाला असता, तर फरक 80,000 आणि मुभा 82,000. मग दोघांनाही काही लागले नसते.

शेतजमिनीचे थोडे वेगळे आहे. शहराच्या ठरावीक अंतराबाहेरच्या ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर विकणाऱ्याला हा कर नाही. घेणाऱ्याबद्दल मात्र आयकर न्यायाधिकरणाच्या निकालांत दोन मते आहेत. म्हणून जमीन घेणाऱ्याने 'शेतीला आयकर नसतो' एवढ्यावर विसंबू नये.

नात्यातल्या व्यवहाराची खूण नीट लक्षात ठेवा. नाते घेणाऱ्याच्या बाजूने पाहतात. पुतण्याने चुलत्याकडून स्वस्तात घेतले तर पुतण्याला सूट आहे. चुलत्याने पुतण्याकडून घेतले तर चुलत्याला सूट नाही. सख्ख्या भावाकडून घेतले तर चालते, चुलत भावाकडून घेतले तर नाही. आणि ही सूट घेणाऱ्यापुरतीच आहे, विकणाऱ्याचा हिशेब बदलत नाही.

इसाराचीही बाब महत्त्वाची. फेब्रुवारीत करार झाला, खरेदीखत मे महिन्यात झाले आणि मध्ये दर वाढले, तर करार केलेल्या दिवसाचा सरकारी भाव धरता येतो. अट एकच : कराराच्या दिवशी किंवा त्याआधी किमतीचा काही भाग अकाउंट पेयी चेकने किंवा बँकेतून दिलेला हवा. रोख इसार आणि नुसती पावती असेल, तर मे महिन्याचाच भाव लागतो.

जमीन खरोखरच कमी किमतीची असेल, तर गप्प बसू नका. खरेदीखताआधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी अर्ज करून मूल्य ठरवून घेता येते. आयकराची नोटीस आली, तर सरकारी भाव जास्त आहे असे लेखी सांगून मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवायची मागणी करा. त्यांनी मूल्य कमी ठरवले तर ते धरतात, जास्त ठरवले तरी सरकारी भावाच्या वर जात नाहीत. मात्र त्याच भावावर मुद्रांक खात्यात अपील केलेले असेल, तर हा रस्ता बंद होतो. रस्ता नसल्याचा नकाशा, दाव्याची कागदपत्रे, शेजारच्या खरेदीखतांच्या नकला आधीच जमवा. नोटीस आल्यावर त्या शोधत बसायला वेळ मिळत नाही.

कर भरलाच, तर तो हिशेब जपून ठेवा. पुढे हाच प्लॉट विकाल तेव्हा तुमची खरेदी किंमत 7 नव्हे, 9 लाख धरली जाते. सूची क्रमांक 2 आणि त्या वर्षाचे आयकर विवरण एकाच फाइलला लावून ठेवलेत, तर तेव्हा ते सिद्ध करणे सोपे जाईल.