रिपोर्टमधली गाठ

स्तनाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन ३४ वर्षांची एक भगिनी आमच्याकडे आली. 'गाठ १८ मिलिमीटर' एवढंच वाचून तिची झोप उडाली होती. आम्ही म्हटलं, "बाजी, माप राहू द्या, गाठीचं वर्णन वाचा."

पाण्याची गाठ, म्हणजे सिस्ट, आतून पूर्ण काळी दिसते आणि तिच्या मागचा भाग उजळतो. तिला बहुधा काही करावं लागत नाही. बाजीची गाठ मात्र भरीव होती. पण लंबगोल, आडवी, गुळगुळीत काठाची. ही फायब्रोअडिनोमाची लक्षणं. म्हणून शेवटी 'बायरॅड्स ३' लिहिलं होतं. अशा गाठीत कॅन्सर निघण्याची शक्यता २ टक्क्यांहून जास्त नसते, म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी सांगतात.

काठ वेडेवाकडे असते, गाठ रुंदीपेक्षा उंच असती, तर ४ किंवा ५ लिहिलं असतं आणि सुईने तुकडा काढून तपासावा लागला असता. ४ म्हणजेही कॅन्सर ठरला असं नव्हे. ते तो तुकडाच सांगतो.

"मग तोवर नुसतं थांबायचं?" बाजीने विचारलं.

थांबायचं; पण गाठ वाढली, कातडी आत ओढली गेली किंवा स्तनाग्रातून रक्त आलं, तर तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जायचं.