विटकरी साडीला ब्लाउज कोणते?

लग्नाचे आमंत्रण येते, आवडती विटकरी साडी बाहेर काढली जाते आणि लक्षात येते की तिचे ब्लाउज दंडात घट्ट झाले आहे. मग तोच रंग मिळवण्यासाठी मॅचिंग सेंटरच्या चकरा सुरू होतात. वास्तविक जुळणारे ब्लाउज बहुधा कपाटातच असते, फक्त ते विटकरी नसते.

ते शोधण्यासाठी रंगचक्र घड्याळाच्या तबकडीसारखे डोळ्यांपुढे आणावे. 12 वर पिवळा, 4 वर लाल आणि 8 वर निळा हे मूळ रंग. त्यांच्या मध्यावर मिश्र रंग येतात: 2 वर नारिंगी, 6 वर जांभळा, 10 वर हिरवा. उरलेल्या आकड्यांवर शेजारच्या दोन रंगांच्या मधली छटा. काळा आणि पांढरा या तबकडीवर नाहीतच.

आता विटकरी कुठे? दिवसाच्या उजेडात खिडकीजवळ पांढऱ्या चादरीवर साडी पसरावी. ट्यूबलाइटखाली रंग फसवतात. विटकरी म्हणजे गडद, मळकट केलेला लालसर नारिंगी, म्हणून त्याची जागा 3 वर. बरोबर समोर 9 वर निळसर हिरवा, म्हणजे मोरपंखी. हा झाला विरोधी रंग. शेजारी 4 वर लाल, त्यातलाच गडद मरून. दुसऱ्या बाजूला 2 वर नारिंगी.

समजा, कपाटात चमकदार फिरोजी साटिनचे, गडद मोरपंखी सुती आणि मरून अशी तीन ब्लाउजे निघाली. फिरोजीही साधारण 9 जवळचेच, तरी साडीवर ठेवताच नजर ब्लाउजवरून हलत नाही आणि विटकरी रंग विटल्यासारखा वाटतो. चूक चक्राची नाही. साडी मंद आणि ब्लाउज भडक, इतकेच. मोरपंखी साडीइतकेच मंद असल्यामुळे उठून दिसते, पण खटकत नाही. मरून शेजारचे, त्यामुळे शांत दिसते. प्रौढ स्त्रियांना ते अधिक रुचेल.

विरोधी रंग निम्मे-निम्मे वापरू नयेत. हिरव्या साडीला लाल काठ शोभतो, कारण साडी हिरवी आणि काठ बेताचा असतो. तबकडीवर हे दोघे 10 आणि 4, म्हणजे अगदी समोरासमोर! विटकरी साडीतही मोरपंखी ब्लाउजपुरतेच ठेवावे. पर्स, बांगड्या, टिकली सगळेच मोरपंखी केले तर मजा जाते.

लग्न संध्याकाळचे असेल तर दोन्ही ब्लाउजे साडीसह एकदा पिवळ्या दिव्याखाली धरून पाहावीत. त्या उजेडात गडद मोरपंखी काळपट दिसू शकते, मरून मात्र तितके बदलत नाही. तसे झाले तर त्या दिवशी मरूनच घालावे आणि मोरपंखी सकाळच्या हळदीकुंकवासाठी ठेवावे.