स्वतःला पारखा : आग लागली, आता जिना की दार?

जयपूरच्या विद्याधरनगर भागात १३ जानेवारी २०१८ च्या पहाटे एका घराला आग लागली आणि एकाच कुटुंबातील पाच जण दगावले. मार्च २०२४ मध्ये त्याच शहरातील विश्वकर्मा परिसरात गॅस सिलिंडरच्या गळतीने पेट घेतला. तेव्हाही एकाच कुटुंबातील पाच जण गेले, त्यात लहान मुले होती. आग आणि बाहेर पडण्याची वाट एकाच बाजूला आली, की क्षणभरात काय ठरवायचे हा प्रश्न उभा राहतो. एकट्या घरात तो आपल्यापुरता असतो. सोसायटीत मात्र अठ्ठावीस बिऱ्हाडांचे उत्तर स्वयंसेवकाच्या हाकेवर ठरते.

जयपूरमध्ये जगतपुरा, मानसरोवर, वैशालीनगर अशा भागांत आता मजल्यांवर मजले चढले आहेत. तिथलीच एक इमारत डोळ्यांपुढे आणा. खाली पार्किंग, वर सात मजले, मजल्यावर चार फ्लॅट, एक जिना, एक लिफ्ट. विजेचे मीटर जिन्याच्या तोंडाशी. गच्चीच्या दाराला कुलूप. तुम्ही पाचव्या मजल्यावर राहता आणि सोसायटीच्या सहा स्वयंसेवकांपैकी एक आहात. पेन्सिल घ्या, प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर निवडा. उत्तरे आधी पाहू नका!

प्रश्न

१. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू कचोऱ्या तळत होत्या. कढईतल्या तेलाने पेट घेतला. ज्वाळा हातभर उंच आहेत, पण अजून कढईपुरत्याच. तुम्ही दारात पोहोचलात.
(अ) बादलीभर पाणी ओताल. (ब) कढई उचलून मोरीत नेऊन ठेवाल. (क) गॅस बंद करून कढईवर मोठे झाकण सरकवाल.

२. पहाटेचे तीन. पार्किंगमध्ये मीटरजवळ चार्जिंगला लावलेली स्कूटर पेटली आहे. तुम्ही घराचे दार उघडता, तो जिन्यात काळा दाट धूर. तुमच्या घरात मात्र आग नाही.
(अ) सर्वांना हाका मारत खाली धावाल. (ब) मजल्यावरच्यांना घेऊन गच्चीकडे जाल. (क) दार लावून आतच थांबाल.

३. दुपारी चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एसी पेटला. घरचे बाहेर आले, दार ओढून घेतले. जिन्यात धूर नाही. सहाव्या मजल्यावर वॉकर घेऊन चालणारे आजोबा आहेत. लिफ्ट अजून चालू आहे.
(अ) आजोबांना लिफ्टने खाली आणाल. (ब) सर्व मजल्यांना एकदमच खाली बोलवाल. (क) आधी चौथा, मग पाचवा मजला रिकामा कराल आणि आजोबांसाठी दोघांना वेगळे नेमाल.

४. सगळे फाटकाबाहेर जमले. पाचव्या मजल्यावरचा दहा वर्षांचा मुलगा दिसत नाही. वडील परत आत निघाले आहेत.
(अ) त्यांना ओला टॉवेल देऊन जाऊ द्याल. (ब) दोन तरुण स्वयंसेवक पाठवाल. (क) त्यांना अडवाल आणि यादी हातात घ्याल.

५. उद्या मकरसंक्रांत. पतंग उडवायला सारी सोसायटी गच्चीवर लोटणार. तुमच्याकडे अर्धाच तास आहे.
(अ) अग्निशामक सिलिंडर पुसून, काटा तपासून घ्याल. (ब) जिना मोकळा कराल आणि गच्चीच्या दाराचे पाहाल. (क) सूचनाफलकावर सूचना लावाल.

उत्तरे

१. (क) पाणी तेलापेक्षा जड असते. ते तळाशी जाते, तिथे क्षणात त्याची वाफ होते आणि ती वाफ पेटते तेल छतापर्यंत उडवते. कढई उचलली तर तेच तेल हातावर आणि जमिनीवर सांडते. झाकण अंगाकडून पुढे सरकवावे, म्हणजे ज्वाळा आणि तुमच्यामध्ये आड राहते. गॅसच्या बटणापर्यंत हात जात नसेल तर सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा. विझले असे वाटले तरी झाकण लगेच काढू नका. तेल तापलेलेच असते आणि हवा लागताच पुन्हा पेटते. ते पूर्ण निवेपर्यंत कढई तशीच राहू द्यावी. ज्वाळा कपाटाला किंवा छताला लागल्या असतील, तर मात्र तो डाव तुमचा नाही. सर्वांना बाहेर काढा, दार ओढून घ्या आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. घाबरून पळताना दार उघडे राहिले तर धूर थेट जिन्यात येतो, आणि एका फ्लॅटची आग साऱ्या इमारतीची होते.

२. (क) पाचांपैकी हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. आग लागली की पळायचे, हे आपल्या अंगात इतके भिनले आहे की बहुतेक जण (अ) निवडतात. मुंबईत गोरेगावच्या जय भवानी इमारतीत ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे तीनच्या सुमारास अशीच आग खालून लागली होती. तळमजल्यावर ठेवलेले कापडाचे गठ्ठे आणि वाहने पेटली, धूर वर चढला. किमान सात जण मरण पावले, चाळिसांहून अधिक जखमी झाले.

खाली आग असेल तेव्हा जिना हे धुराडे होते. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो आधी माणसाचा विचार मंदावतो, मग पाय. धुरातून चार मजले उतरणारा माणूस बहुधा मध्येच बसतो. गच्चीकडे जाणाराही त्याच धुरातून जातो, आणि वर कुलूप असेल तर परत फिरायला वाट नसते.

म्हणून दार लावा. फटीत ओले टॉवेल किंवा चादर कोंबा. जिन्यापासून सर्वांत दूरच्या, रस्त्याकडच्या खोलीत जा आणि तिचेही दार लावा. फोनवर इमारत, मजला, फ्लॅट आणि आत किती माणसे आहेत ते सांगा. बाहेरून धूर वर येत नसेल तर खिडकी उघडा आणि उजळ रंगाचे कापड हलवत राहा. स्वयंसेवक म्हणून तुमचे काम आता जिन्यात नाही, फोनवर आहे. सोसायटीच्या ग्रुपवर एकच निरोप द्या : 'जिन्यात धूर आहे. दार उघडू नका.' साधे लाकडी दारही काही मिनिटे धूर रोखून धरते, आणि तीच मिनिटे बंब पोहोचायला हवी असतात.

मात्र हा नियम आंधळेपणाने पाळायचा नाही. आग तुमच्याच घरात असेल तर बाहेर पडायचे. जिना स्वच्छ असेल तर खाली उतरायचे. दार उघडण्यापूर्वी हाताची मागची बाजू दाराला लावून पाहा. दार गरम लागले तर उघडू नका. गार असेल तर बोटभरच उघडून जिना पाहा. पायऱ्यांवरचा पुढचा वळणाचा कठडा दिसत नसेल, तर आत राहा.

३. (क) लिफ्टची पोकळीही धूर ओढून घेते. वीज गेली तर लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकते. बिघाड झाला तर ती नेमकी आगीच्या मजल्यावर थांबून दार उघडू शकते. सर्व मजले एकदम बोलावले की एका जिन्यात गर्दी होते, आणि ज्यांना सर्वाधिक धोका आहे तेच मागे राहतात. म्हणून आगीचा मजला आधी, त्याच्या वरचा लगेच, मग आणखी वरचे आणि शेवटी खालचे. आजोबांसाठी दोघे जण भक्कम, हात असलेली खुर्ची घेऊन तयार असावेत. जिना स्वच्छ असेपर्यंत त्यांना खुर्चीत बसवून उतरवावे. तेवढ्यात चौथ्या मजल्यावर धूर दिसू लागला, तर त्यांना घेऊन त्या धुरातून जाऊ नये. परत त्यांच्या घरात न्यावे, दार लावावे, एकाने सोबत थांबावे आणि फ्लॅटचा क्रमांक अग्निशमन दलाला कळवावा.

४. (क) आत गेलेला प्रत्येक माणूस हा शोधायचा आणखी एक माणूस होतो. (अ) मधला ओला टॉवेल मात्र नीट समजून घेऊ. परळच्या क्रिस्टल टॉवरला २२ ऑगस्ट २०१८ रोजी आग लागली आणि चार जण गेले. त्या वेळी झेन सदावर्ते या दहा वर्षांच्या मुलीने शेजाऱ्यांना ओल्या कापडातून श्वास घ्यायला सांगितले. पुढे तिला राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. तिने केले ते योग्यच होते, कारण अडकलेल्या माणसाच्या नाकातोंडात जाणारी काजळी ओले कापड अडवते. पण कार्बन मोनॉक्साइड वायू त्यातून आरपार जातो. म्हणजे ओले कापड मदत येईपर्यंत तग धरण्यासाठी आहे, धुरात शिरण्यासाठी नाही.

आता यादी. नुसते 'सगळे आले का?' असे ओरडून मोजणी होत नाही. प्रत्येक फ्लॅटच्या एकेका माणसाला विचारा, 'आत्ता घरात कोण कोण होते?' पुष्कळदा मूल शेजारच्यांच्या घोळक्यात सापडते. न सापडल्यास बंबाच्या अधिकाऱ्याला नेमके सांगा : मजला, फ्लॅट, शेवटचे कुठल्या खोलीत पाहिले.

५. (ब) सिलिंडर तपासणे जरुरीचे आहे. काटा हिरव्या पट्ट्यात हवा, पिन आणि सील जागेवर हवे. पण पार्किंगमधला चार-सहा किलोचा पावडरचा सिलिंडर जेमतेम दहा-वीस सेकंद चालतो आणि एकाच माणसाच्या हातात असतो. जिना सर्वांचा असतो. संक्रांतीला पन्नास-साठ माणसे गच्चीवर असतील, आणि खाली काही पेटले तर सगळ्यांना त्याच एका दाराने यावे लागेल. चपलांची कपाटे, जुन्या सायकली, रद्दीचे गठ्ठे आजच हलवा. ती अडथळा तर करतातच, वर स्वतःही जळतात. गच्चीच्या दाराला कुलपाऐवजी आतून किल्लीविना उघडणारी कडी बसवा. गर्दी असेपर्यंत एक जण त्या दाराशी ठेवा. जिना धुराने भरला तर त्याने दार बंद करून सर्वांना गच्चीच्या दूरच्या कोपऱ्यात, वाऱ्याच्या दिशेला तोंड करून थांबवायचे.

गुण मोजा

प्रत्येक बरोबर उत्तराला दोन गुण.

८ ते १० : तुमच्या हाती शिट्टी द्यायला हरकत नाही. आता हाच प्रश्नसंच बाकीच्या पाच स्वयंसेवकांना द्या.
४ ते ६ : धाडस आहे, क्रम चुकतो. उत्तर ३ आणि ४ पुन्हा वाचा.
२ किंवा कमी : सध्या यादी सांभाळण्याचे काम घ्या. तेही तितकेच मोलाचे आहे.

आणि एक अट. दुसरा प्रश्न चुकला असेल तर बाकीचे गुण धरू नका. कारण त्या एका चुकीच्या हाकेने माणसे सुरक्षित घरातून धुरात उतरतात.

या रविवारी दोन कामे करा. रात्री जिन्यातला दिवा लावून घरातले दिवे मालवा आणि दाराखालून किती उजेड आत येतो ते पाहा. जेवढा उजेड, तेवढाच धूर. फट मोठी असेल तर रबरी पट्टी लावून घ्या. मग खिडक्यांच्या जाळ्या तपासा. निदान एका खिडकीच्या जाळीला उघडणारी झडप असावी आणि तिची किल्ली तिथेच, मुलांना माहीत असलेल्या खिळ्याला टांगलेली असावी.